टॉवर नसलेल्या दरीतून निघालेला निरोप

१३ डिसेंबर २०२२ची दुपार. लॉस एंजेलिस शहराच्या उत्तरेला सॅन गॅब्रिएल डोंगररांगेतून एंजेलिस फॉरेस्ट हायवे नावाचा घाटरस्ता जातो. या रस्त्यावरून जाणारी एक गाडी कडा ओलांडून मंकी कॅनियन नावाच्या दरीत सुमारे ३०० फूट खाली कोसळली. आत दोघे होते आणि दोघेही वाचले. पण वरच्या रस्त्यावरून ती गाडी कोणाच्या नजरेस पडण्यासारखी नव्हती आणि दरीत मोबाइलला रेंज नव्हती. तरीही दुपारी दोनच्या सुमारास तिथल्या शेरीफच्या कार्यालयात एक फोन आला. फोन करणारा माणूस अपघाताच्या जागेपासून दूर, अ‍ॅपल कंपनीच्या आपत्कालीन केंद्रात बसलेला होता. दोघे कुठे आहेत, काय झाले आहे, हे त्याने सांगितले आणि अक्षांश-रेखांशही दिले. माँट्रोज शोध-बचाव पथक निघाले, शेरीफचे हेलिकॉप्टर आले आणि दोघांना दोराने वर उचलून रुग्णालयात नेण्यात आले. शोधाशोध करावी लागली नाही, कारण मिळालेली जागा अचूक होती.

दरीतला तो निरोप एका आयफोन १४ वरून उपग्रहामार्फत गेला होता. ही सेवा अमेरिका आणि कॅनडात सुरू होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. १५ नोव्हेंबर २०२२ हा तिचा पहिला दिवस. त्यानंतर गुगलच्या पिक्सेल ९ सारख्या फोनांतही अशी सोय आली. जाहिराती पाहून अनेकांचा समज होतो की आता फोन थेट आकाशाशी बोलतो, तेव्हा रेंजची चिंता संपली. प्रत्यक्षात ही वाट फार अरुंद आहे. तिच्यातून मोजकी अक्षरे जातात, तीही ठरावीक परिस्थितीत. ती अरुंद का आहे हे एकदा कळले की फोन आपल्याला इतके प्रश्न का विचारतो, तो एका दिशेला धरायला का सांगतो आणि कधी तो दगा देऊ शकतो, हे सगळे आपोआप उलगडते.

जीपीएस आहे, मग निरोप का जात नाही?

आधी एक नेहमीचा गोंधळ दूर करू. रेंज नसलेल्या जंगलातही फोनमधल्या नकाशावर आपला निळा ठिपका बरोबर दिसतो. म्हणजे फोनचा उपग्रहाशी संबंध आहेच, मग त्याच उपग्रहाला निरोप का देता येत नाही, असा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तर असे की जीपीएसच्या बाबतीत फोन फक्त ऐकतो. जीपीएसचे उपग्रह सतत वेळ आणि स्वतःची जागा प्रसारित करत असतात. चार किंवा अधिक उपग्रहांचे संकेत पोचायला किती वेळ लागला यावरून फोन आपली जागा स्वतःच काढतो. फोनकडून त्या उपग्रहांकडे काहीच जात नाही. त्यामुळे आपण कुठे आहोत हे आपल्याला कळते, इतर कोणालाही कळत नाही.

निरोप पाठवायचा तर फोनला स्वतः बोलावे लागते आणि खरी अडचण तिथे सुरू होते. मोबाइल फोन बोलताना जी शक्ती वापरतो ती एका वॅटच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास असते. गावातला टॉवर दोन-तीन किलोमीटरवर असतो, त्यावर मोठे अँटेना असतात, म्हणून एवढी शक्ती पुरते. अ‍ॅपलने ज्या कंपनीशी करार केला त्या ग्लोबलस्टारचे उपग्रह जमिनीपासून सुमारे १,४०० किलोमीटर उंचीवर फिरतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पोचणारा संकेत एक चतुर्थांश उरतो, तिप्पट झाले की एक नवमांश. या हिशेबाने तीन किलोमीटरवरच्या टॉवरच्या तुलनेत डोक्यावरच्या उपग्रहाला फोनचा आवाज दोन लाख पटींहून अधिक क्षीण ऐकू येतो. आणि उपग्रह नेहमी थेट डोक्यावर नसतो. तो क्षितिजाकडे असेल तर अंतर आणखी वाढते.

पूर्वीच्या सॅटेलाइट फोनला तो जाडजूड, बाहेर काढायचा अँटेना होता तो याचसाठी. आयफोन १४ मध्ये तसे काही नाही. तोच सपाट फोन, तेच आतले अँटेना. फक्त उपग्रहाच्या लहरींसाठी, म्हणजे पाठवायला सुमारे १.६ गिगाहर्ट्झ आणि ऐकायला सुमारे २.४८ गिगाहर्ट्झ, या पट्ट्यांसाठी त्यातील रेडिओ तयार केला आहे. अँटेना मोठा करता येत नाही आणि शक्ती वाढवता येत नाही, तेव्हा उरतात दोन उपाय. एक, फोन नेमका उपग्रहाकडे धरायचा. दोन, बोलायचे ते अगदी सावकाश आणि अगदी थोडे. संकेत क्षीण असला तरी प्रत्येक अक्षराला पुरेसा वेळ दिला तर पलीकडच्याला ते गोंगाटातून वेगळे ओळखता येते. म्हणूनच या वाटेने आवाज जात नाही, फोटो जात नाही, मजकूर जातो.

फोन फिरवायला का सांगतो

ग्लोबलस्टारचे काम करणारे उपग्रह दोन डझनांच्या आसपास आहेत. ते ताशी सुमारे २५ हजार किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती फिरतात आणि एक फेरी दोन तासांच्या आत संपवतात. जमिनीवरच्या माणसाच्या दृष्टीने पाहिले तर एक उपग्रह क्षितिजावर उगवतो, काही मिनिटे आकाशातून सरकतो आणि मावळतो. तोवर बहुतेक वेळा दुसरा आलेला असतो. कोणता उपग्रह कधी कुठे असेल याचे गणित आधीच ठरलेले असते आणि फोनमध्ये ती माहिती साठवलेली असते. जीपीएसने आपली जागा कळते, होकायंत्राने दिशा कळते, म्हणजे उपग्रह या क्षणी आपल्या कोणत्या बाजूला आहे हे फोन सांगू शकतो. पडद्यावर एक वर्तुळ आणि उपग्रहाची खूण दिसते, आणि डावीकडे वळा, उजवीकडे वळा अशी सूचना येते. फोन डोक्यावर उंच धरायची गरज नसते. नेहमी मजकूर वाचताना हातात धरतो तसा धरून स्वतः वळायचे असते.

आकाश मोकळे असेल तर एक निरोप जायला १५ सेकंदांच्या आसपास लागतात. झाडांची विरळ-मध्यम सावली असेल तर एक मिनिटाहून जास्त. हा उशीर अंतरामुळे होत नाही. प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या लहरीला १,४०० किलोमीटर जायला एका सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. वेळ जातो तो सावकाश बोलण्यात, उपग्रह गाठण्यात आणि अर्धवट पोचलेले पुन्हा पाठवण्यात.

पाऊस किंवा ढग असतील तर काय, हा प्रश्न पावसाळी ट्रेकचे वेड असलेल्या मराठी माणसाला पहिला सुचेल. या पट्ट्यातल्या लहरींना ढगांचा आणि पावसाचा फारसा अडथळा होत नाही. अडथळा होतो तो पानांचा, खडकाचा, भिंतीचा आणि आपल्याच शरीराचा. गर्द झाडीतली पाण्याने भरलेली पाने लहरी शोषून घेतात. अरुंद घळीत तर आकाशाची एक पट्टीच दिसते आणि उपग्रह त्या पट्टीत येईपर्यंत थांबावे लागते. म्हणून धुक्यातल्या उघड्या पठारावरून निरोप सहज जाईल, आणि स्वच्छ उन्हात दाट जंगलातून अडकेल.

प्रश्नांची यादी आणि पन्नास अक्षरांचे मोल

अमेरिकेत अडचणीत सापडलेल्या माणसाने काय करायचे, ते क्रमाने पाहू. आधी नेहमीप्रमाणे ९११ लावायचे. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर जवळ असेल तर आपत्कालीन फोन त्यावरून जातो. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात `SOS` ही अक्षरे दिसतात तेव्हा त्यांचा अर्थ तोच असतो: दुसऱ्या कंपनीचे जाळे आहे, त्यावरून आपत्कालीन फोन करता येईल. ती उपग्रहाची खूण नव्हे. कोणताच टॉवर सापडला नाही आणि फोन लागला नाही, तरच पडद्यावर `Emergency Text via Satellite` हा पर्याय येतो. तो दाबल्यावर `Report Emergency`.

आता फोन एकामागून एक प्रश्न विचारतो. काय झाले आहे: गाडीचा अपघात, आजार किंवा दुखापत, गुन्हा, वाट चुकणे किंवा अडकणे, की आग? मदत कोणाला हवी आहे? जखमी माणूस शुद्धीवर आहे का, श्वास घेतो आहे का, रक्त वाहते आहे का? उत्तरे टाइप करायची नसतात, बोटाने निवडायची असतात. मदत केंद्रातला माणूस फोनवर जे पहिले दहा प्रश्न विचारतो तेच इथे आधी विचारून घेतले जातात, कारण उपग्रहामार्फत प्रत्येक प्रश्न आणि प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे पाठवायचे तर एका फेरीला काही मिनिटे जातील. दहा प्रश्नांना अर्धा तास जाईल, आणि तोवर कदाचित जखमी माणसाचे भानही हरपेल. म्हणून सगळे आवश्यक पहिल्याच निरोपात बसवले आहे. उत्तरांबरोबर फोन स्वतःहून आणखी काही जोडतो: जागा आणि समुद्रसपाटीपासूनची उंची, बॅटरी किती उरली आहे, आणि माणसाने आधी भरून ठेवली असेल तर त्याची वैद्यकीय माहिती आणि घरच्यांचे नंबर.

यानंतर मजकूर आवळला जातो. नेहमी येणारे शब्द आणि वाक्ये कमीत कमी जागेत बसवणारी खास पद्धत अ‍ॅपलने त्यासाठी तयार केली. तिने निरोपाचा सरासरी आकार एक तृतीयांशावर येतो असे कंपनी सांगते. इंग्रजी १५० अक्षरांचा निरोप घ्या. साध्या हिशेबात तो १५० बाइट. आवळल्यावर सुमारे ५०. आपण व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो तो तीन मेगाबाइटचा फोटो अशा ६० हजार निरोपांएवढा असतो. दरीच्या तळातून जखमेचा फोटो का पाठवता येत नाही, ते या एका भागाकारात आहे.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. पुढच्या गप्पांत, म्हणजे केंद्राकडून उलट प्रश्न येतील तेव्हा, उत्तर आपल्याला टाइप करायचे असते. ते लहान आणि नेमके हवे. ‘आम्ही सकाळी निघालो होतो आणि मग पाऊस सुरू झाला’ याचा पथकाला उपयोग नाही. ‘उजवा पाय मोडला, चालता येत नाही, नदीच्या पश्चिम काठावर, लाल जाकीट’ याचा आहे.

आकाशातून शेरीफच्या टेबलापर्यंत

निरोप उपग्रहावर पोचल्यावर काय होते? ग्लोबलस्टारचे हे उपग्रह आरशासारखे आहेत: खालून आलेला संकेत ते वाचत नाहीत, त्यावर विचार करत नाहीत, एकमेकांकडे सोपवतही नाहीत. संकेताचा पट्टा बदलून तो लगेच जमिनीवर परत टाकतात. याचा परिणाम महत्त्वाचा आहे. फोन आणि जमिनीवरचे केंद्र, दोघेही त्याच क्षणी त्याच उपग्रहाला दिसत असले पाहिजेत. महासागराच्या मधोमध, जिथून जवळपास एकही केंद्र नाही, तिथे डोक्यावर उपग्रह असूनही निरोप कुठेच उतरणार नाही. म्हणून अलास्का, फ्लोरिडा, हवाई, नेव्हाडा, टेक्सास, प्युर्टो रिको अशा ठिकाणी जमिनीवर मोठे अँटेना उभारले आहेत.

या केंद्रातून निरोप नेहमीच्या तारांवरून पुढे जातो. अमेरिकेत ९११ची व्यवस्था एकच नाही. ती हजारो स्थानिक केंद्रांत विभागलेली आहे. त्यातली काही मजकूर स्वीकारतात. तिथे निरोप थेट जातो. बाकीची केवळ फोनच घेऊ शकतात. त्यांच्यासाठी अ‍ॅपलने मधे माणसे बसवली आहेत. हे प्रशिक्षित कर्मचारी निरोप वाचतात, त्या जागेचे योग्य केंद्र शोधतात, तिथे फोन करतात आणि पलीकडचे प्रश्न मजकुरात लिहून अपघातग्रस्ताला पाठवतात. मंकी कॅनियनच्या वेळी शेरीफच्या कार्यालयात वाजलेला फोन असाच होता. सगळ्या साखळीत उपग्रहाची बातमी होते, पण ही मधली माणसे नसती तर निरोप जमिनीवर येऊन एखाद्या संगणकात पडून राहिला असता.

कुठे अडते आणि कसे ओळखायचे

आधी अक्षांशाची मर्यादा. ग्लोबलस्टारच्या उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५२ अंशांचा कोन करतात, म्हणजे ते ५२ अंशांच्या उत्तरेला कधी डोक्यावर येतच नाहीत. जसजसे उत्तरेला जावे तसतसे ते दक्षिण क्षितिजाकडे खाली दिसतात. ६२ अंशांच्या वर, म्हणजे उत्तर अलास्कासारख्या भागात, सेवा चालेलच असे नाही, असे अ‍ॅपल स्वतःच सांगते. तरी १ डिसेंबर २०२२ रोजी अलास्कात नूरविकहून कोत्झेब्यूला स्नोमोबाइलवरून निघालेला एक माणूस अडकला तेव्हा त्याचा निरोप पोचला आणि स्थानिक पथकाने त्याला शोधून काढले. ती जागा या मर्यादेच्या बरीच उत्तरेला होती. सपाट बर्फाळ प्रदेश होता, दक्षिणेला अडथळा नव्हता. त्याच अक्षांशावर दक्षिणेला डोंगर असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

दुसरी अडचण माणसाच्या सवयीची. निरोप लिहिला, बटण दाबले की आपण फोन खिशात घालतो. इथे तसे केले तर निरोप अर्ध्यात राहतो आणि उत्तर येणारच नाही, कारण उत्तरासाठीही फोन उपग्रहाकडे धरलेलाच लागतो. निरोप खरोखर गेला की नाही हे पडद्यावर लिहून येते. ते दिसेपर्यंत आणि पहिले उत्तर येईपर्यंत फोन हातातून ठेवायचा नाही. बराच वेळ नुसती ‘शोधत आहे’ अशी सूचना राहिली तर झाडाखालून किंवा कड्याच्या पायथ्यापासून जितके सुरक्षितपणे बाजूला होता येईल तितके व्हायचे. हलता येत नसेल तर थांबायचे, कारण उपग्रह फिरते आहेत. आता कड्याआड असलेला काही मिनिटांनी उघड्यावर येऊ शकतो.

हा ‘थांबा’ सल्ला मात्र सगळ्या फोनांना लागू नाही, आणि हा फरक फारसा कोणी सांगत नाही. पिक्सेल ९ आणि त्यानंतरचे फोन स्कायलो नावाच्या कंपनीमार्फत जे उपग्रह वापरतात ते विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहेत. पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने जमिनीवरून पाहता ते एका जागी स्थिर असतात. उत्तर गोलार्धातून ते कायम दक्षिणेकडे असतात. त्या दिशेला डोंगर असेल तर तासभर थांबूनही काही बदलणार नाही. जागाच बदलावी लागते. म्हणजे लक्षण एकच, ‘जोडणी होत नाही’, पण एका फोनवर उपाय धीर धरणे आणि दुसऱ्यावर दोन पावले सरकणे. आपला फोन कोणत्या जातीचा आहे हे प्रवासाआधी माहीत असलेले बरे.

तिसरी जात अलीकडची आहे. स्टारलिंकचे काही उपग्रह अवघ्या ३६० किलोमीटरच्या आसपास उडतात, त्यांचे अँटेना मोठे आहेत आणि ते साध्या ४जी फोनशी टॉवर असल्यासारखेच बोलतात. सगळा भार उपग्रह उचलतो, म्हणून फोन खास असावा लागत नाही आणि तो कुठे रोखावाही लागत नाही. न्यूझीलंडमध्ये डिसेंबर २०२४ मध्ये आणि अमेरिकेत टी-मोबाइलने जुलै २०२५ मध्ये अशी सेवा ग्राहकांसाठी खुली केली. पण इथेही आकाश दिसावे लागते आणि घराच्या आत भरवसा नाही. शिवाय त्या देशातल्या मोबाइल कंपनीने आपल्या लहरींचा पट्टा त्यासाठी दिलेला असावा लागतो.

सह्याद्रीत का चालत नाही

आता आपल्याकडचा प्रश्न. पुण्याच्या दुकानात घेतलेला आयफोन १४ किंवा त्यापुढचा फोन आतून तोच आहे. तो घेऊन मुलीकडे कॅलिफोर्नियाला गेलेल्या आईवडिलांना योसेमिटीच्या वाटेवर ही सेवा मिळू शकते, कारण सेवा असलेल्या देशात पोचल्यावर भारतात घेतलेल्या फोनवरही ती चालते. तोच फोन घेऊन हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याखाली उतरलात तर मात्र ती नाही. फोन बिघडलेला नाही. अ‍ॅपलने भारतात ती सुरू केलेली नाही.

उपग्रह आहेत म्हणून सेवा आपोआप मिळत नाही, हे वरच्या साखळीवरून लक्षात येईल. लहरींच्या पट्ट्याला सरकारची परवानगी लागते. जमिनीवरचे केंद्र लागते. मजकूर स्वीकारून योग्य पथकाकडे पोचवणारे टेबल लागते. आपल्याकडे त्यात सुरक्षेचा जुना आणि खरा प्रश्न आहे. २००८ साली मुंबईवर हल्ला करणाऱ्यांनी सॅटेलाइट फोन वापरला होता. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणे गुन्हा आहे. बीएसएनएलमार्फत परवान्याने मिळणारी सेवा हा त्याला अपवाद. गिर्यारोहक जगभर वापरतात ती गार्मिनची निरोप पाठवणारी लहान यंत्रेही या नियमात येतात आणि ती सामानात सापडल्याने गोव्यासह काही विमानतळांवर परदेशी प्रवासी अडकले आहेत. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना ‘येताना ते यंत्र घेऊन ये, ट्रेकला कामी येईल’ असे सांगण्याआधी हे ध्यानात ठेवावे. नेहमीच्या आयफोनला मात्र ही अडचण नाही, कारण ती सोय इथे बंद असते.

याचा अर्थ भारताला हे तंत्र अनोळखी आहे असा मुळीच नाही. इस्रोने खोल समुद्रात जाणाऱ्या मच्छीमारांसाठी संकटसूचक यंत्र केले आणि ते २०१० पासून वापरात आहे. नाव बुडते आहे, आग लागली आहे, कोणी आजारी आहे, अशी बटणे त्यावर असतात. संदेश भारतीय उपग्रहामार्फत बंगळुरूच्या केंद्रात आणि तिथून तटरक्षक दलाकडे जातो. त्यात एक उणीव होती: निरोप पोचला की नाही हे होडीवरच्या माणसाला कळत नव्हते. पोच नसली की मदत येत आहे या भरवशावर थांबावे की दुसरा मार्ग शोधावा, हे त्याला ठरवता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये इस्रोने जाहीर केलेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात पोच परत येते आणि ते ब्लूटूथने मोबाइलला जोडून स्थानिक भाषेत संदेश वाचता येतो. मोजके पर्याय, बोटाने निवड, आपोआप जागा, परत येणारी पोच: फोनवरच्या सेवेचा सांगाडाही हाच आहे.

निघण्यापूर्वी

सेवा असलेल्या देशात डोंगरात जाणार असाल तर रेंज असतानाच थोडी तयारी करून ठेवावी. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये `Emergency SOS` या भागात `Try Demo` आहे. त्यात खरा निरोप न पाठवता उपग्रह शोधण्याचा सराव करता येतो. घराच्या गच्चीवर एकदा आणि झाडाखाली एकदा करून पाहिला की फरक समजतो. `Medical ID` मध्ये रक्तगट, औषधे, अ‍ॅलर्जी आणि जवळच्या माणसाचा नंबर भरावा. ते रिकामे असेल तर निरोपाबरोबर ही माहिती जाणार नाही. बॅटरी राखावी, कारण उपग्रह शोधायला नेहमीपेक्षा जास्त वीज लागते आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते.

सह्याद्रीत जाणाऱ्यांसाठी यादी वेगळी आहे. आधी ११२ लावून पाहावे. आवाज जात नसेल अशा निसटत्या रेंजमध्येही साधा एसएमएस कधी कधी निघतो, म्हणून घरच्यांना एक ओळ पाठवावी: काय झाले, किती जण, आणि होकायंत्राच्या किंवा नकाशाच्या अ‍ॅपवरून घेतलेले अक्षांश-रेखांश. जीपीएसला टॉवर लागत नाही, त्यामुळे हे आकडे रेंज नसतानाही मिळतात. ते कागदावर लिहून रेंजकडे जाणाऱ्या साथीदाराच्या हाती देता येतात. आणि निघताना घरी कोणालातरी मार्ग आणि परतीची वेळ सांगून ठेवावी, ठरल्या वेळेनंतर किती तासांनी मदत मागवायची हेही सांगावे. महाराष्ट्रात गिर्यारोहकांचीच बचाव-समन्वय संस्था आहे, महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर. तिचा मदत क्रमांक निघण्यापूर्वी फोनमध्ये आणि घरच्यांकडे असावा. कोकणकड्याखालच्या माणसाच्या फोनवर आज उपग्रहाची वाट उघडी नाही, पण त्याची नेमकी जागा एका चिठ्ठीवर या संस्थेपर्यंत पोचली तर पथकाला दरी धुंडाळत बसावे लागत नाही.